एक जूनला जन्मलेली माणसं

आमच्या ऑफिसात त्याला शंकासुर म्हणत. तोंडावर म्हणत आणि तोही मुकाट ओ देई. सॉफ्टवेअर तयार झालं की ते गिऱ्हाइकाच्या हाती पडण्याआधी नाना तऱ्हांनी वापरून, वाकवून, मोडून बघायचं हे त्याचं काम. कंपनीच्या भाषेत तो क्यूए लीड, म्हणजे तपासणाऱ्यांचा म्होरक्या. सोयगावकडच्या मेंढपाळ घरातला. वडील अजून मेंढरं घेऊन हिंडायचे आणि हा चिकलठाण्याच्या एमआयडीसीत एका खोक्यांच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर, पंख्याखाली बसून आमच्या चुका काढायचा.

माझं काम त्याच्यानंतर सुरू व्हायचं. त्यानं पास केलेलं सॉफ्टवेअर मी गिऱ्हाइकाकडे न्यायची आणि तिथल्या माणसांना शिकवायची. कुठलं बटण दाबायचं, कुठलं मेलं तरी दाबायचं नाही. माझी जीभ जरा तिखट आहे हे मला माहीत आहे, पण नर्सबाया आणि कारकून मंडळींशी माझं जमायचं. त्याच्याशी मात्र सुरुवातीला जमत नसे. मी निघायला तयार, पुंडलिकनगरातून डबा घेऊन आलेली, एसटी लागलेली, आणि हा म्हणणार, ‘‘ताई, आज नका जाऊ. एक गोष्ट बघायची ऱ्हायलीय.’’ असा संताप व्हायचा की विचारू नका.

ज्या कामाची ही गोष्ट आहे ते एका धर्मादाय संस्थेचं होतं. संस्थेचं शहरात मोठं रुग्णालय, पैठणला एक दवाखाना आणि सोयगावला एक. तिन्हीकडे वेगवेगळ्या नोंदी. आम्ही त्या एकत्र आणणार होतो, म्हणजे पैठणला तपासलेली बाई सोयगावला गेली तरी तिची सगळी माहिती तिथल्या पडद्यावर दिसेल. यात आपल्याकडे फार मोठी सोय होती. पोरगी सासरी पैठणला नांदते, तपासण्या तिथं होतात आणि पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी जाते. माहेरच्या दवाखान्यात तिला ‘अमक्याची लेक’ म्हणून सगळे ओळखतात, पण तिच्या पोटातल्या सात महिन्यांचं कुणालाच काही ठाऊक नसतं. कागद सासरीच राहिलेले असतात. आमच्या सॉफ्टवेअरमुळं ते तिच्याबरोबर जाणार होते. मला या कामाचा अभिमान होता, अजूनही आहे.

ते शहराचं नाव बदलण्याचे दिवस होते. पाट्या रंगत होत्या, शिक्के बदलत होते, आणि एकाच वाक्यात माणसं दोन्ही नावं घेत होती. आमची संस्थेबरोबरची शेवटची मोठी बैठक जवळजवळ सगळी त्यातच गेली. रिपोर्टच्या माथ्यावर कुठलं नाव छापायचं, जुन्या रिपोर्टांवर जुनंच ठेवायचं का, अक्षर केवढं. नावाच्या भांडणाला मी हसत नाही. मी शाळेत होते तेव्हा विद्यापीठाच्या नामांतराचा लढा चालू होता. वडील कारखान्यातून संचारबंदीतून चालत घरी यायचे, आणि खेड्यातली घरं जळाली म्हणून पोरंबाळं घेऊन आलेली माणसं मी आमच्या गल्लीपलीकडे राहिलेली पाहिली आहेत. नाव म्हणजे नुसतं नाव नसतं, हे या शहरात कुणाला शिकवावं लागत नाही. पण त्या बैठकीत माथ्यावरच्या नावापायी खालच्या नावांकडे, म्हणजे रुग्णांच्या नावांकडे, कुणी बघितलंच नाही. एक तो सोडून.

त्यानं बैठकीच्या शेवटी एवढंच विचारलं की खऱ्या नोंदींवर एकदा चाचणी करून बघता येईल का. तोवर आम्ही जी माहिती वापरली होती ती बनवलेली होती. रुग्णांची खरी माहिती ऑफिसात आणायची नाही हा नियम होता आणि तो योग्यच होता. त्यामुळं आमच्या मुख्य प्रोग्रामरनं, जो पुण्याला घरी बसून काम करायचा, संगणकाकडूनच खोटी माणसं तयार करून घेतली होती. खोटी नावं, खोटे नंबर, कुठल्याही महिन्यातल्या जन्मतारखा. त्या खोट्या माणसांवर आमचं सॉफ्टवेअर सुरेख चालत होतं. आता हा म्हणत होता की माहिती इकडे नको, आपण तिकडे जाऊ. पैठणच्या दवाखान्यातल्याच एका संगणकावर, त्यांच्याच डोळ्यांसमोर चाचणी करू आणि झाल्यावर सगळं पुसून येऊ. आमच्या मालकांनी कपाळाला आठ्या घातल्या. संस्थेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन तोंडावर आलं होतं आणि त्या दिवशीच सॉफ्टवेअर रिलीज, म्हणजे तिन्हीकडे सुरू, व्हायचं होतं. पण संस्थेच्या डॉक्टरीणबाई, ज्या तिन्ही दवाखान्यांच्या प्रमुख होत्या, त्यांनी होकार दिला.

आम्ही दोघं एसटीनं पैठणला गेलो. बाह्यरुग्ण विभागाच्या बाहेर गोदाकाठच्या गावांतल्या बायका बाकावर ओळीनं बसलेल्या, आत नोंदणीच्या खिडकीत एक पोक्त कारकूनबाई. त्यांना अख्ख्या तालुक्याची सोयरीक तोंडपाठ. त्यांच्या शेजारच्या टेबलावर यानं संगणक लावला, जुन्या नोंदींची प्रत घेतली आणि आमच्या सॉफ्टवेअरला सांगितलं की आता या नव्या घरात आण. हे करताना ते आणखी एक काम करायचं. एकाच माणसाच्या दोनदा झालेल्या नोंदी हुडकून त्यांची एक नोंद करायचं. चहा येईपर्यंत ते झालं. पडद्यावर हिरवी पट्टी आली. कारकूनबाई खूश झाल्या, म्हणाल्या की बरं झालं, दुबार नोंदींनी जीव खाल्ला होता.

हा मात्र पट्टीकडे बघत बसला. म्हणाला, ‘‘लई माणसं कमी झाली, ताई.’’

मी म्हटलं, कमी व्हायलाच तर केलंय. तो मग एक झालेल्या नोंदी एकेक करून उघडायला लागला. पहिल्या काही ठीक होत्या, खरोखरच दुबार. मग एक उघडली आणि संगणक माझ्याकडे वळवला. पडद्यावर एक बाई होती. ती सातव्या महिन्यात होती आणि तिचं बाळ दीड महिन्याचं होतं. दोन्ही एकाच वेळी. मी हसले. त्यानं कारकूनबाईंना आडनाव आणि गाव सांगून विचारलं की ही कोण.

त्या म्हणाल्या, ‘‘ही म्हंजे कोणती? या दोघी हायेत की. सख्ख्या जावा. थोरली मागल्या महिन्यात बाळंत झाली आन् धाकटी बघा ती, भायेर बसलीय. खांबाजवळची.’’

खांबाजवळ एक अगदी कोवळी पोर बसली होती, हिरव्या बांगड्या, हातात केळं. आमच्या सॉफ्टवेअरनं तिला तिच्या जावेत विरघळवून टाकलं होतं. दोघींचं आडनाव एक. घरात मोबाईल एकच, सासऱ्यांचा, म्हणून नंबर एक. नावाचं पहिलं अक्षर एक. आणि दोघींची जन्मतारीख एक जून.

ही तारीख मराठी माणसाला समजावून सांगायला नको. शाळेत घालताना आईबापांना पोराचा जन्म ‘पेरणीच्या वक्ताला’ एवढाच आठवायचा, मग गुरुजी आपले एक जून लिहायचे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, वय बरोबर बसायचं, सगळ्यांची सोय. माझ्या थोरल्या भावाची तीच, माझ्या निम्म्या वर्गाची तीच. पण आमच्या पुण्याच्या प्रोग्रामरला जुन्या नोंदींचा नुसता तारखांचा तक्ता मिळाला होता आणि त्यात त्याला जिकडेतिकडे एक जून दिसला. त्याच्या इंग्रजी शाळेत प्रत्येकाचा वाढदिवस वेगळा होता, वर्गात चॉकलेटं वाटली जायची. त्याला वाटलं की जुन्या संगणकात तारखेचा रकाना रिकामा राहिला की तो आपोआप एक जून भरत असणार. म्हणून त्यानं नियम केला की एक जून म्हणजे तारीख माहीत नाही असं समजायचं आणि ती कुठल्याही तारखेशी जुळली असं धरायचं. हुशार पोरगा होता आणि विचार करून केलेली चूक होती. पण तिच्यामुळं पैठण तालुक्यात एका घरातल्या जावा, नणंदा, क्वचित सासू आणि सूनही एकच बाई होऊन बसल्या.

त्याहून वाईट पुढं होतं. एक झालेली नोंद पुन्हा दोन करता येते का, हे त्यानं करून बघितलं. येत नव्हती. तपासण्या दोघींच्या एकाखाली एक यायच्या, पण रक्तगटासारख्या एकुलत्या रकान्यात जिची नोंद शेवटी हाताळली गेली तिची माहिती उरायची आणि दुसरीची पुसली जायची, कायमची. थोरली जाऊ नुकतीच बाळंत झालेली, तिची नोंद ताजी, म्हणून तिचा रक्तगट उरला होता, ओ पॉझिटिव्ह. धाकटीचा त्यानं जुन्या नोंदीत बघितला. ओ निगेटिव्ह. मग त्यानं कारकूनबाईंना विचारलं की धाकटीचं माहेर कुठलं. त्या म्हणाल्या, सोयगावकडचं. नवव्यात तिकडं जाईल. पैठणला काही घोटाळा झाला तरी या बाई चेहऱ्यानं ओळखतील, पण सोयगावचा दवाखाना पडद्यावर दिसेल तेच खरं मानणार होता. त्याच विश्वासासाठी तर आम्ही हे सॉफ्टवेअर केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मेल लिहायला बसला. असा मेल लिहिणं सोपं नसतं. तो आमच्या मालकांना जाणार, संस्थेच्या सचिवांना जाणार, डॉक्टरीणबाईंना, पुण्याच्या प्रोग्रामरला आणि मला. म्हणजे ज्यांनी पैसा लावला ते, ज्यांनी शब्द दिला ते आणि ज्यानं चूक केली तो, सगळे एकाच मेलच्या टोकाला. आमच्याकडे असे मेल इंग्रजीत जायचे. त्यात ‘डेटा इंटिग्रिटी’ वगैरे शब्द असायचे आणि सचिव ते उघडतसुद्धा नसत. त्यानं हा मराठीत लिहिला. मी शेजारी खुर्ची ओढून बसले, कारण मला राग आला होता आणि तो कागदावर यावा अशी माझी इच्छा होती. मी सुचवलं, ‘अक्षम्य निष्काळजीपणा’ लिही. त्यानं लिहिलं नाही. मी म्हटलं, निदान कोणी केलं ते तरी लिही. तो म्हणाला, ‘‘तेनं काय व्हईल? उद्या दुरुस्त तेलाच करायचंय. हात कापत असलं तर काय दुरुस्त करील?’’

मेलचा विषय होता, ‘रिलीज पुढं ढकलावं अशी शिफारस: दोन गंभीर दोष’. पहिल्याच ओळीत त्यानं सांगायचं ते सांगून टाकलं:

‘उद्घाटनाच्या दिवशी हे सॉफ्टवेअर सुरू करू नये अशी माझी शिफारस आहे. दोन वेगळ्या रुग्णांची एक नोंद होते, आणि एकदा झाली की ती परत वेगळी करता येत नाही.’

मग खाली काय पाहिलं, कुठं पाहिलं आणि कुणालाही तसंच पुन्हा करून बघायचं असेल तर कसं बघायचं, पायरीपायरीनं. जावांची नावं लिहिली नाहीत, नुसतं ‘एकाच घरातल्या दोन स्त्रिया’. पैठणच्या नोंदींत अशी किती माणसं एक झाली त्याचा आकडा. नंतर एक परिच्छेद असा होता की तो वाचून मी चिडले. त्यात काय काय उत्तम चालतंय ते लिहिलं होतं. औषधांच्या नोंदी, रिपोर्ट, शहराचं नाव, सगळं तपासलं आहे, त्यात दोष नाही. मी म्हटलं, तू कुणाच्या बाजूनं आहेस? तो म्हणाला की जे बरोबर आहे ते लिहिलं नाही तर जे चूक आहे त्यावर लोक कशाला विश्वास ठेवतील.

मालक काय विचारणार हे त्याला आधीच कळलं होतं. नोंदी एकत्र करायचा भाग तेवढा बंद ठेवून बाकीचं सुरू करा, असं म्हणणार. म्हणून तेही लिहिलं. तो भाग बंद करता येत नाही, कारण तीन ठिकाणच्या जुन्या नोंदी पहिल्यांदा आत येतात त्या त्याच दारातून. आणि त्या एकदा आल्या की मागं जाता येत नाही. मग दुरुस्तीला आणि पुन्हा तपासायला किती अवधी हवा, त्याचा अंदाज. आणि एक प्रश्न, जो मला सगळ्या मेलमध्ये जास्त आवडला: ‘रक्तगट चुकीचा दिसला तर कोणत्या गोष्टी पुन्हा न तपासता केल्या जातात, हे मला माहीत नाही. कृपया डॉक्टरांनी सांगावं.’ ज्याला माहीत नाही असं लिहिता येतं त्या माणसाला मी तेव्हापासून मानते.

शेवटची ओळ मी काढून टाक म्हणून सांगत होते. ती अशी होती: ‘उत्तर देताना आपली कागदोपत्री जन्मतारीख लिहावी ही विनंती.’ मला तो आगाऊपणा वाटला. सचिव म्हणजे पैठणकडचे मोठे बागायतदार, त्यांना वय विचारायचं का? त्यानं ती ठेवली आणि मेल पाठवून दिला.

पहिलं उत्तर पुण्याहून आलं. त्यानं आपली तारीख लिहिली, नोव्हेंबरातली होती, आणि लिहिलं की एवढी माणसं खरोखर एकाच तारखेची असू शकतात यावर त्याचा विश्वास बसत नाही. जुन्या संगणकाचाच दोष असणार. मालक उत्तर न लिहिता केबिनमधून बाहेर आले. ते वाईट माणूस नव्हते. एका खोलीत संगणक दुरुस्त करण्यापासून त्यांनी ही कंपनी उभी केली होती आणि संस्थेचं काम हातचं गेलं तर वरच्या मजल्यावरचे पंखे बंद करावे लागतील अशी तेव्हा स्थिती होती. त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं की मला न विचारता गिऱ्हाइकाला मेल गेलाच कसा. याची मान खाली. तो म्हणाला की संस्थेबरोबरच्या करारात तसंच ठरलं होतं. गंभीर दोष दिसला तर सगळ्यांना एकदमच कळवायचं. मालक म्हणाले, करार मला शिकवू नकोस. आणि मग, ‘‘हे काम गेलं तर पहिली खुर्ची तुझी जाईल.’’ त्याच्या घरी बायको, लहान मुलगी आणि हप्त्यांवर घेतलेला फ्लॅट होता हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

डॉक्टरीणबाईंचं उत्तर दुपारी आलं. रक्त चढवण्याआधी आम्ही दरवेळी नव्यानं तपासतो, तेव्हा त्यात धोका नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. मालकांचा चेहरा उजळला. पण चहाच्या वेळेपर्यंत बाईंचा दुसरा मेल आला. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणानंतर दोन-तीन दिवसांच्या आत आईला अँटी-डीचं इंजेक्शन द्यावं लागतं. नाही दिलं तर पुढच्या खेपेला पोटातल्या बाळाच्या जिवाला धोका. लहान दवाखान्यात हे इंजेक्शन नोंदीतला रक्तगट बघूनच देतात; पडद्यावर पॉझिटिव्ह दिसलं तर कुणी देणार नाही, आणि का दिलं नाही असं कुणी विचारणारही नाही. त्यांनी लिहिलं होतं, ‘पहिल्या मेलमध्ये मी घाईनं उत्तर दिलं. प्रश्न योग्य आहे.’ खाली त्यांची जन्मतारीख होती, खरीखुरी, मार्चमधली.

मला ती खांबाजवळची पोर आठवली. तिचं केळं आठवलं. उद्घाटनाच्या तारखेनंतर थोड्याच दिवसांनी ती माहेरी निघणार होती.

आता सगळं सचिवांवर होतं. पत्रिका छापून झाल्या होत्या, मोठे पाहुणे येणार होते. त्यांचं उत्तर संध्याकाळी ऑफिस सुटायच्या वेळेला आलं:

‘जन्मतारीख एक जून. माझ्या दोघा भावांचीही एक जून. तिघांच्या नावापुढं दवाखान्यात माझाच मोबाईल नोंदवलेला आहे. तुमच्या संगणकात आमच्यापैकी कोण उरणार ते कळवावे.’

मी टाळी वाजवली. जिंकलो होतो. मी त्याला म्हटलं, लिही, साहेब तुम्ही तिघं मिळून एकच उरणार. एवढं एक वाक्य टाकलं की काम फत्ते, आणि त्याची खुर्चीही राहील. तो मान खाजवत बसला. मग त्यानं नोंदणी बघायची परवानगी मागणारा फोन पैठणच्या कारकूनबाईंना केला, त्यांच्याकडून फक्त तिन्ही भावांच्या नावांची पहिली अक्षरं विचारून घेतली आणि सचिवांना सगळ्यांच्या देखत उत्तर लिहिलं: ‘आपल्या तिघांची नावं वेगवेगळ्या अक्षरांनी सुरू होतात. त्यामुळं आपण तिघंही उराल. हा दोष आपल्याला लागू होत नाही.’

मी कपाळावर हात मारून घेतला. केबिनच्या काचेतून मालक वाचताना दिसत होते आणि ते हसल्यासारखे वाटले. तोंडात आलेला घास यानं काढून ताटात ठेवला होता. मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘‘ताई, न्हाई ते सांगून ढकललं असतं तर पुढल्या खेपेला खरं सांगितल्यावर कुणी ऐकलं असतं का?’’

ऑफिसातून निघायच्या आत सचिवांचा फोन आला, मालकांना. मालकांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला, कदाचित आपली सुटका सगळ्यांनी ऐकावी म्हणून. सचिव पैठणच्या आपल्या बोलीत बोलत होते. म्हणाले, ‘‘तुमचा हा तपासनीस स्वतःच्या फायद्याचं बी खोटं बोलना. मंग तेनं बाकीचं लिवलंय ते खरंच हाय. माझं नाव ऱ्हाईल हो, पर माझ्या गावातल्या सुना पुसून मी फीत कापू का? तारीख पुढं ढकला.’’ उद्घाटन इमारतीचं होईल, पाहुणे येतील, जेवण होईल, संगणक नंतर सुरू करू, असं त्यांनी उभ्या उभ्या ठरवून टाकलं.

मालक बराच वेळ केबिनमध्ये बसून राहिले. मग त्यांचं उत्तर आलं, त्याच मेलला, सगळ्यांना. दोनच ओळी होत्या. ‘रिलीज पुढं ढकलत आहोत. माझी जन्मतारीख एक जून.’ आणि जाताना ते त्याच्या टेबलापाशी थांबले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले. मला त्या क्षणी दोघांबद्दलही भरून आलं. इतकी वर्षं नोकरी केली, पण आपल्या ऑफिसचा असा अभिमान मला त्या दिवसाइतका कधी वाटला नाही.

पुण्याचा प्रोग्रामर स्वतः एसटीनं आला आणि पैठणच्या खिडकीत कारकूनबाईंशेजारी बसला. त्यांनी त्याला जावा, नणंदा, भावजया समजावल्या. तो वहीत लिहून घेत होता, आणि मी काही बोलले नाही, हे माझ्या मानानं पुष्कळ झालं. नवा नियम असा झाला की संगणकानं स्वतः कुणालाच एक करायचं नाही. या दोन नोंदी एकाच माणसाच्या असाव्यात एवढंच सुचवायचं, आणि दवाखान्यातल्या माणसानं विचारून ठरवायचं. आणि ठरवलेलं चुकलं तर परत दोन करता यायला हवं. शंकासुरानं ते एक करून, परत दोन करून, पुन्हा एक करून, मनाचं समाधान होईपर्यंत मोडून बघितलं. यावेळी मी एसटी चुकली म्हणून चिडले नाही.

सॉफ्टवेअर सुरू झालं तेव्हा मी सोयगावला शिकवायला होते. बाळंतिणींच्या खोलीत तिथल्या नव्या नर्सला पडद्यावरची नोंद बघून औषध कसं द्यायचं ते दाखवत होते. तिनं यादीतलं नाव मोठ्यानं पुकारलं, आडनावासकट. कुणी ओ दिली नाही. तिनं पुन्हा पुकारलं. कोपऱ्यातल्या खाटेवरची पोर बाळाच्या अंगावरचं फडकं सारखं करत होती, तिनं वरही बघितलं नाही.

मग तिच्या आईनं तिला हलवलं. ‘‘अगं, तुलाच बलवायलेत. सासरचं नाव हाय ते तुजं.’’

पोर गडबडून हसली. नर्सनं जवळ जाऊन नवऱ्याचं नाव विचारलं, गाव विचारलं, घरात याच आडनावाची आणखी कोण आहे ते विचारलं. ‘‘जाऊ हाय,’’ ती म्हणाली. ‘‘तिचं नाव बी सासूबाईंनीच ठेवलंय.’’ नर्सनं पडद्यावरचा रक्तगट वाचला, बाळाचा वाचला आणि सुई भरली. पोरीनं बाळ आईकडे दिलं, लुगड्याचा पदर सावरला आणि दंड पुढं केला.